शेठच्या गाडीतून आलेली संमती

खालापूरच्या बाजूला महामार्गालगतच्या एका इस्पितळाने संशोधन विभाग सुरू केला, तेव्हा उद्घाटनाला मलाही शाल मिळाली. कशाबद्दल, ते कुणी सांगितलं नाही. समई पेटली, फीत कापली गेली, आणि प्रत्येक वक्त्याने ‘मानवजात’ हा शब्द इतक्या आपुलकीने वापरला की मानवजात जणू त्यांच्याच सोसायटीत राहत असावी.

मी भिसेगावात राहणारा निवृत्त शाळामास्तर. इस्पितळाला माझी गरज वेगळ्याच कारणाने होती. ज्याला वाचता येत नाही असा रुग्ण औषधाच्या चाचणीत घ्यायचा, तर त्याला सगळं समजावून सांगताना पहिल्यापासून शेवटपर्यंत एक त्रयस्थ साक्षीदार हजर लागतो. तो इस्पितळाचा नको, संशोधकांचा नको, औषध कंपनीचा तर नकोच. मी कुणाचाच नव्हतो. निवृत्तीनंतर ही पात्रता आपोआप येते.

चाचणी होती मधुमेहामुळे पायाला होणाऱ्या, न भरणाऱ्या जखमांची. अर्ध्या लोकांना नवं औषध घातलेलं मलम, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कुणाला कोणतं, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही. नेहमीची मलमपट्टी आणि मधुमेहाच्या गोळ्या मात्र दोन्हीकडे सारख्याच. नीतिसमितीने तो आराखडा एकदा परत पाठवला होता. समितीत बाहेरचे डॉक्टर होते, एक वकील होते, एक गृहिणी होत्या. त्या गृहिणीने म्हणे मराठी माहितीपत्रक वाचून विचारलं, “हे कुणाला कळणार आहे?” ते पुन्हा लिहावं लागलं. रुग्णाला फक्त येण्याजाण्याचं भाडं द्यायचं, आमिष वाटेल असं काही नाही, आणि कुठल्याही मालकामार्फत माणसं गोळा करायची नाहीत, असंही समितीने बजावलं होतं. मला समिती आवडली. तिने कुणाला शाल दिली नव्हती.

एके दिवशी एक बाई आली, कळंबकडची. एका शेठच्या रिसॉर्टवर चादरी-टॉवेल धुवायची. दिवसभर ओल्यात उभं राहून पायाच्या अंगठ्याजवळची जखम चिघळली होती. डॉक्टरबाई तरुण, मुंबईहून आलेल्या, पण समजावून सांगताना घाई न करणाऱ्या. नवं औषध आणि गरीब रुग्ण, म्हणून सगळं कॅमेऱ्यात घेणंही भाग होतं. त्या बाईने कॅमेऱ्याकडे बघून पदर नीट केला आणि मला म्हणाली, “गुरुजी, माझा लेक तुमच्या वर्गात व्हता. तुमी हाय म्हंजे काय भ्या नाय.”

मी म्हटलं, “मी फक्त बघायला बसलोय. माझ्याकडे बघून काही ठरवू नका.”

डॉक्टरबाईंनी सगळं सांगून झाल्यावर, तिला कितपत कळलं ते विचारायला सुरुवात केली.

“तुमच्या पायाला लावू त्यात नवं औषध असेलच का?”

“आसंल, नसंल. तुमालाच ठाव नाय म्हनता, मंग मला कसं ठाव?”

“आणि चाचणीत यायचं नसेल तर?”

“साधी पट्टी करनार. पैसं न घेता.”

डॉक्टरबाई खूश झाल्या. मीही झालो. पदवीधरांकडून इतकी स्वच्छ उत्तरं मला क्वचित मिळाली होती.

“मध्येच सोडावंसं वाटलं तर काय कराल?”

“शेठला इचारीन.”

“शेठला कशाला? पाय तुमचा आहे.”

“पाय माझा हाय वो, पन काम त्येंचं हाय. त्येंनी गाडी धाडली, म्हनले, नाव घालून ये. आता नाय म्हनून परत जाऊ व्हय?”

तेवढ्यात दारातून ड्रायव्हर डोकावला. “मावशी, झालं का गं? पाहुणे आणायला स्टेशनला जायचंय मला.”

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. नोकर आजारी पडला की मालक गाडी पाठवतो, गाव मालकाला देवमाणूस म्हणतं, आणि गाडीत बसलेला माणूस सांगितलेल्या ठिकाणी उतरतो. या शेठच्या मनात काही वाईट नव्हतं. इस्पितळात चांगलं काहीतरी सुरू झालंय एवढंच त्याने ऐकलं होतं. डॉक्टरबाईंनीही गाडी पाहिली, तेव्हा त्यांना ती माया वाटली होती.

त्यांनी पुन्हा विचारलं, “शेठचं राहू द्या. तुम्हाला स्वतःला काय हवंय?”

“मला पाय हवाय.”

या उत्तरासाठी कागदावर जागा नव्हती. तिने अंगठ्याला शाई लावूनही घेतली होती. मी म्हणालो, “मला सही करता येणार नाही. ही इथे स्वतःच्या मर्जीने आलेली नाही.”

ती निळा अंगठा वर धरून म्हणाली, “मंग ह्यो पुसू कुटं?”

डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. जखम धुऊन पट्टी केली. विचार करून, घरच्यांशी बोलून, वाटलं तर स्वतःहून या, शेठना आम्ही काही कळवणार नाही, असं सांगितलं. तोवर इथवर रोज येणं जमणार नाही, म्हणून जवळच्या कर्जतच्या सरकारी दवाखान्यात पट्टी करत राहा, म्हणाल्या. झालं ते समितीलाही कळवलं.

समितीच्या सचिवांचा मला फोन आला. त्यांनी माझं अभिनंदन केलं. मालकाने पाठवलेल्या कुणालाही यापुढे घेणार नाहीत, म्हणाले. मी विचारलं, “आणि त्या बाईचं काय?”

“त्या आता चाचणीत नाहीत ना,” ते सौम्यपणे म्हणाले. “त्यामुळे त्या आमच्या कक्षेत येत नाहीत.”

यात एक शब्द चुकीचा नव्हता.

काही दिवसांनी ती भिसेगावात माझ्या दारात आली. पट्टी मळलेली. “शेठ म्हनले, तुला घेतलंच नाय, मंग गाडी कशाला धाडू? तुमी सही केली आसती तर भाडंबी भेटलं आसतं, गाडीबी आली आसती.”

“मी येतो ना तुमच्याबरोबर दवाखान्यात.”

“आज याल. रोज सकाळच्याला कोन येनार? आन कामावरचा खाडा कोन भरनार?”

त्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. पुढच्या वेळी निरोप पाठवला, ती कामावर होती. त्याच्या पुढच्या वेळीही.

पावसाळा संपता संपता ती इस्पितळात आली. टमटम, मग एसटी, मग महामार्गापासून लंगडत. डॉक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं. कॅमेरा सुरू झाला, सगळं पहिल्यापासून सांगून झालं.

“मध्येच सोडावंसं वाटलं तर?”

“सोडीन. कोनालाबी इचारनार नाय.” आणि माझ्याकडे वळून, “बराबर ना, गुरुजी?”

बरोबर होतं. अंगठा उठला. मी खाली सही केली, आनंदाने केली. मग चाचणीआधीच्या तपासण्या सुरू झाल्या, आणि एक्स-रे बघून डॉक्टरबाईंनी सर्जनना बोलावणं धाडलं. जखम हाडापर्यंत गेली होती. हाड कुजलेल्या रुग्णाला या चाचणीत घेता येत नाही. नियम रुग्णाच्याच भल्यासाठी आहे. अशा पायाला मलम लावत बसणं म्हणजे वेळ घालवणं. शस्त्रक्रिया लागणार होती, अंगठा काढावा लागणार होता.

सर्जन आले, त्यांनी दुसरा कागद आणला. तिने सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, “हुबं ऱ्हायला येईल ना? धुनं हुबं ऱ्हाऊनच असतंय.”

“सवयीने येईल,” सर्जन म्हणाले.

तिने शाईची डबी स्वतःच ओढली. उमटवून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला. “आता तरी मला कुनी धाडलं नाय, गुरुजी. करा सही.”

मी सही केली. कुणीही हरकत घ्यावी असं त्या कागदात काही नव्हतं.