बाबांची व्हिजिटिंग कार्डं

बाबांचा फोन पाण्यात पडला आणि सगळे नंबर गेले. बॅकअप घ्या म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते, पण ऐकतील ते बाबा कसले! सिम तेवढं नव्या फोनमध्ये घातलं. मानपाड्याला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान. गिऱ्हाईक सगळं आसपासच्या कारखान्यांतलं, नशीब त्यांची कार्डं एका अल्बममध्ये लावलेली होती.

रविवारी मी खोपटहून डोंबिवलीला आईबाबांकडे गेले, प्रत्येक कार्डाचा फोटो काढला आणि लॅपटॉपवर फाइल करायला बसले. नाव, मोबाईल, पत्ता असे रकाने. मोबाईलचा रकाना आधी टेक्स्ट करून घेतला, नाहीतर एक्सेल नंबराच्या सुरुवातीचं शून्य खाऊन टाकतं. सगळं झालं की ही फाइल एकदम फोनमध्ये चढवायची.

खरं तर मला नंबरांची घाई नव्हती. मी घाबरलेली होते. महिन्यापूर्वी आईचा फोन आलेला, "अगं, हे दुकानाचा रस्ता चुकले." तीस वर्षं रोज जातात तो रस्ता. म्हणून मी पुसट कार्डं मुद्दाम त्यांना दाखवत होते.

"हा तीन आहे की आठ?"

"आठ. आणि पत्ता बदल, तो कोलशेतला गेला. पैसे बुडवतो, पण माणूस गोड आहे."

एकामागून एक ते धडाधड सांगत गेले. कुणाचा व्याही कोण, कुणाची कुठली मोटार जळलेली. मला इतकं हलकं वाटलं की आईला मी चहा टाकायला सांगितला. उगाच घाबरलो आपण सगळे.

पुढचा फोटो त्यांच्याच जुन्या कार्डाचा होता. मला हसू आलं.

"हे कोण महाशय, सांगा."

बाबांनी चष्मा वर केला, नाव मोठ्याने वाचलं, पूर्ण नाव, आडनावासकट.

"रिवाइंडिंगवाला दिसतोय. आमच्याच लायनीतला. ओळख नाही गं."

बाबा पहिल्यापासून थट्टेखोर. मी त्यांच्या डोळ्यांत थट्टा शोधली. नव्हती.

"नंबर लावून बघ," ते म्हणाले, "बंद असेल तर कशाला घालायचा?"

मी माझ्या फोनवरून लावला. त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढला, अनोळखी नंबर बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि कट केला.

"कुणाचा तरी येतोय, नंतर बघू," म्हणत ते माझ्याकडे वळले. "काय झालं? रिंग गेली?"

"कट केला त्यांनी," मी म्हटलं.

"मग चालू आहे," बाबा खूश होऊन म्हणाले. "घाल फाइलमध्ये. कधी काम पडलं तर असू दे."