भीती जात नाही, असं लिहिणारी माया

अमरावतीत दुकानांच्या आणि क्लासेसच्या जाहिराती लिहिणारे आता पैशाला पासरी झालेत. पण गिऱ्हाइकाला तोंडावर 'हे खोटं आहे' म्हणणारी एक माया वानखडेच. तिची आई इंदूबाई कपाळावर हात मारून म्हणायची, "व माय, गिऱ्हाइकाशी जरा गोड बोलाव लागते!" माया हसायची आणि पुढच्याशीही तसंच बोलायची.

शेखर सर तिच्याकडे आले ते घायकुतीला येऊनच. लोकांसमोर बोलायची ज्यांना भीती वाटते, त्यांच्यासाठी त्यांनी चांगली नोकरी सोडून वर्ग काढला होता. पहिली तुकडी भरली, दुसरी अर्धीच. तिसरीलाही माणसं आली नाहीत तर वर्गाला कुलूप लावून पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली जायची पाळी होती. फेसबुकसाठीची पोस्ट त्यांनी स्वतःच लिहून आणली होती: एकवीस दिवसांत भीती कायमची गायब! फक्त पाच जागा! आज रात्री बारापर्यंत अर्ध्या फीत! खाली तिवस्याच्या पार्वताबाईंचा फोटो आणि शब्द, 'आता मी वाघिणीसारखी बोलते.'

"मागच्या वेळचीच हाय, जरा चकाचक करून दे," सर म्हणाले.

"खोलीत माणसं किती मावतात?"

"वीसेक."

"मंग पाच काहून लिवलं?"

"अवं, घाई केल्याबिगर कोणी हालते काय? सगळेच करून राहिले."

"आन् रात्री बारानंतर फी दुप्पट होते?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "उद्या पुन्हा बारा वाजतातच ना."

मायाला हसू फुटलं, पण डोकंही तापलं. "पार्वताबाई असं बोलल्या?"

"शब्द माये हायेत. भाव त्याइचाच."

"वा सर! तोंड त्याइचं, जीभ तुमची! मले आधी शिकून गेलेल्या सगळ्याइचे नंबर द्या. गोड बोलणाऱ्याइचेच नाई, सगळ्याइचे."

सर चपापले, पण नंबर दिले.

मायाने एकेकाला फोन लावला. बहुतेक जण म्हणाले, फायदा झाला, बैठकीत बोलता येतं. काहींनी मध्येच सोडलं होतं. भीती गेली, असं मात्र एकानेही म्हटलं नाही. पार्वताबाई तर रडकुंडीलाच आल्या. "मायी भीती नाई गेली व पोरी. बचत गटाच्या बैठकीत उठून बोलतो मी आता, पण पाय लटलट कापतात. बाकी सगळ्याइची गेली, मायीच राह्यली, म्हणून सरांले तोंड दाखवाची लाज वाटते. शेजारीण येणार होती. पण पोस्ट वाचून म्हणे, पाचच जागा हायेत, त्या हुशार लोकाइले असतीन, आपण काहून कोणाची जागा अडवाची?"

फोन ठेवल्यावर मायाचे डोळे भरून आले. भित्र्या माणसाला घाई केली की तो पुढे येतो थोडाच? आल्या पावली मागे सरतो. ज्यांच्यासाठी वर्ग काढला, त्यांनाच सरांची पोस्ट दारातून परत पाठवत होती.

तिने सगळं सरांना ऐकवलं. त्यांनी आपली पोस्ट पुन्हा एकदा वाचून काढली. मग म्हणाले, "पण भीती जात नाई असं लिवलं, तर येईन कोण?"

"तुमची गेली काय, सर?"

"नाई ना. माईक हातात आला की आजबी घशाले कोरड पडते."

"मंग तेच लिवू."

नवी पोस्ट साधीच झाली. 'बोलायची भीती एकवीस दिवसांत जात नाही. माझीही गेलेली नाही. ती असतानाही उभं राहून बोलायचा सराव आपण करतो. बहुतेकांना आपापल्या बैठकीत बोलता येऊ लागलं, काहींनी मध्येच सोडलं. सभा गाजवाल, असं वचन देत नाही. जागा वीस, कारण खोली तेवढीच. फी सगळ्यांना एकच, कोणत्याही दिवशी. सोमवारी सुरू होतं. सराव जोडीने चालतो म्हणून नंतर मध्येच घेता येत नाही. या वेळी जमलं नाही तर पुढच्या तुकडीची तारीख कळवू.' पार्वताबाईंना त्यांचे शब्द वाचून दाखवले, विचारलं, मगच टाकले: 'पाय कापतात, पण बोलतो.'

पहिल्या दिवशी कोणीच फिरकलं नाही. "गेलं सगळं पाण्यात," सर म्हणाले. तोंडाने मोठी फटकळ, पण मायाही दर घटकेला पोस्ट उघडून बघत राहिली. एका माणसाची रोजीरोटी तिने खऱ्याच्या भरवशावर सोडली होती. मग हळूहळू फोन वाजू लागले. माणसं खोदून खोदून विचारत, दुसऱ्या तुकडीच्या सरावाला एक दिवस बसून बघत आणि मग फी भरत. रविवारपर्यंत चौदा झाले. खोली भरली नाही, वर्ग मात्र वाचला.

त्या संध्याकाळी माया वर्गातच होती, तेव्हा चांदूर रेल्वेहून एक फोन आला. बाईचा आवाज इतका बारीक, की सरांनी स्पीकर लावला.

"ते भीती जात नाई म्हणून लिवलं, ते खरं हाय काय जी?"

सरांनी मायाकडे पाहिलं. "हाव, खरं हाय."

"मंग मी येतो," बाई म्हणाली. "मले वाटे, जिची जात नाई, तिले तुमी घेतच नसान."