तात्यांची तीन स्मरणीय पुस्तकं

वाचनालयात बोलायला बंदी असते, म्हणूनच बहुधा वाचनालयाइतके किस्से दुसरीकडे कुठे साचत नसतील. आत गप्प बसलेला माणूस बाहेर चहाच्या टपरीवर आला की सुटतोच. मी लोणखेड्याला शाळेत शिकवते आणि शाळा सुटली की शहाद्याच्या आमच्या वाचनालयात येते. वर्तमानपत्रांच्या टेबलावर आमचा कंपू जमतो. गेल्या महिन्यात आमचे ग्रंथपाल तात्या निवृत्त झाले, आणि तेव्हापासून हे सगळं सांगून सांगून माझा घसा बसलाय. तरी तुम्हाला सांगतेच.

*

तात्या कधी कुणाला पुस्तक सुचवत नसत. कुणी म्हणालं, "तात्या, काहीतरी चांगलं द्या," की ते विचारायचे, "झोप येवासाठी पाहिजे, का उडासाठी?"

आमच्या कंपूतले पारसभाऊ मात्र तात्यांना विचारतच नसत. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथं कापडाचं दुकान टाकलं, ते आता पारसभाऊ चालवतात. ते पुस्तक उघडायचे, एक पान अंगठा आणि बोटात धरून चोळायचे आणि म्हणायचे, "माल चांगला शे. द्या हेच!"

एकदा असंच जाड कागदाचं एक पुस्तक त्यांनी नेलं आणि आठवड्यात परत आणलं. तात्यांनी विचारलं, कसं होतं?

"पहिल्याच धुण्यात आटनं," पारसभाऊ म्हणाले. "अर्ध्यानंतर काहीच नही."

*

मुदत संपली तरी पुस्तक आलं नाही, तर वाचकाला स्मरणपत्र पाठवायचं असतं. तात्यांना ते कधी जमलं नाही. "पत्र गयं की मानूस येवाचं बंद व्हस," म्हणायचे. त्याऐवजी ते स्वतः त्या घरी जायचे, चहा प्यायचे, सगळ्यांची तब्येत विचारायचे आणि पुस्तकाचा विषय न काढताच परत यायचे.

एका घरी तर आमचं पुस्तक फ्रीजच्या पायाखाली दिसलं. तात्यांनी चहा घेतला, फ्रीज छान आहे म्हणाले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी सुताराकडून लाकडाची पाचर करून घेतली आणि त्या घरी नेऊन दिली. "फ्रीज हालत व्हता," एवढंच म्हणाले. त्या बाईंनी पाचर लावली, आभार मानले आणि फ्रीजखालून निघालेलं पुस्तक घरातल्या कपाटात ठेवून दिलं!

*

आमचे अध्यक्ष आप्पा. निरोप समारंभ ठरला तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, "तात्या, नुसतं आभाराचं भाषण नको. वाचकांना तीन स्मरणीय पुस्तकं सांगा."

झालं! जन्मात कुणाला काही न सुचवलेला माणूस तीन पुस्तकं सांगणार म्हटल्यावर गाव हललं. आमच्याकडे दोन स्थानिक कवी आहेत. दोघांनीही आपापला संग्रह वाचनालयाला भेट दिलेला. एक कवी रोज सहज म्हणून यायचे आणि आपला संग्रह पुढच्या फळीवर लावून जायचे. मग दुसरे सहज यायचे, पहिल्यांचा मागे ढकलायचे आणि आपला पुढे लावायचे. तात्या संध्याकाळी दोन्ही संग्रह मुकाट्यानं जागेवर ठेवत. मला तर हसू आवरेना.

*

भाषण बघायला माझ्याकडे आलं. पहिल्या खर्ड्यात तात्यांनी संचालनालय, अनुदान आणि कार्यकारिणी यांचे आभार मानून वाचकांना शेवटची ओळ दिली होती. मी म्हटलं, "तात्या, आधी वाचक. आणि नावं घेऊ नका, एक राहिलं की तो जन्मभर बोलणार नाही."

तात्यांनी डोकं चालवलं. त्यांनी माणसांऐवजी जागांचे आभार लिहिले. खिडकीजवळचे, पंख्याखालचे, शब्दकोडं पेनानं सोडवणारे, स्पर्धा परीक्षेवाले, दिवाळी अंकासाठी भांडणारे. ज्यानं त्यानं आपापलं ओळखावं. पुस्तकांचंही गणित पक्कं होतं. आत काय आहे, कुणी वाचावं आणि ते कुठे सापडेल, एवढंच सांगायचं, नाहीतर लोक पुस्तकाऐवजी घड्याळ बघतात.

"पण पुस्तकं कोणती?" मी विचारलं.

ते काही सांगेनात. मग कपाटाकडे बघत म्हणाले, "मॅडम, सुनीताले चार्ज देवाना शे. फळीवर मोकळी जागा दिसनी की माले दात पडेलगत वाटस. भरेल कपाट देसू, तवयच माले झोप येई."

सुनीता म्हणजे नवी ग्रंथपाल, धडगावची. हुशार मुलगी. तात्यांचा तिच्यावर फार जीव.

*

समारंभाला खुर्च्या कमी पडल्या! दोन्ही कवी नवे कुडते घालून पुढच्या रांगेत. जागांचे आभार सुरू झाले तसे लोक एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. पंख्याखालचे तर उठून उभेच राहिले. मग तात्यांनी कागद घडी करून खिशात टाकला.

"पहिलं पुस्तक पपईच्या लागवडीचं. रोगट झाड कसं ओळखायचं, ते लेखकानं शेतात बसून लिहिलंय. बागायतदारांनी वाचायलाच हवं."

मागून आवाज आला, "कोणत्या कपाटात शे, तात्या?"

"कपाटात नही. ह्याच मांडवमा शे."

तिसऱ्या रांगेतले एक बागायतदार स्वतःच्या चपला निरखायला लागले.

"दुसरं बाळाच्या संगोपनाचं. नव्या आईला फार धीर देतं. तेही इथंच कुणाकडं तरी शे."

बायकांच्या बाजूला एकदम पदर सावरणं सुरू झालं. ज्या बाईंनी ते नेलं होतं, त्या मला ठाऊक आहेत. तेव्हाचं त्यांचं बाळ आता माझ्या वर्गात दहावीला आहे!

आप्पा माझ्या कानाशी लागले, "अहो, मी स्मरणीय म्हटलं होतं, हे तर स्मरणपत्र झालं."

तात्या पुढं म्हणाले, "तिसऱ्याचं नाव मी घेत नही. माले सगळ्यात आवडेल पुस्तक शे ते. ज्याच्याकडं शे, त्याच्या जिवावर येतंय परत द्यायला, हे माले समजस. पन सुनीताले कपाट पूर्ण भेटाले पाहिजे. तुम्ही येत ऱ्हायनात, म्हनून मी इथं टिकलो. येत ऱ्हा."

आणि बसले. टाळ्या वाजवायला लोकांना जरा वेळच लागला. जो तो मनातल्या मनात घरची कपाटं उघडत होता.

*

दुसऱ्या दिवशी सुनीतानं कुलूप काढायच्या आत दारात रांग! पपईवाले, संगोपनवाल्या बाई, पाचरवाल्या बाई आणि ज्यांच्यावर मला कधी शंकाही आली नव्हती असे कितीतरी. प्रत्येकाला वाटत होतं, तिसरं पुस्तक म्हणजे आपल्याकडचंच. आप्पा वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी घेऊन आले होते. पारसभाऊंनी दोन आणली, आणि एकावर भलत्याच गावच्या वाचनालयाचा शिक्का निघाला. "हाई माल मन्हाकडे कसा वना?" ते मलाच विचारायला लागले.

सुनीता एकेक पुस्तक जमा करत फळ्या भरत होती. मी मदतीला बसले होते. रांग संपत आली तेव्हा शेवटी तात्या उभे दिसले, काखेत जुनं, कव्हर घातलेलं पुस्तक.

"तात्या, तुम्ही आत या ना," सुनीता म्हणाली.

"आते मी वाचक शे. रांगमाच बरा शे."

त्यांचा नंबर आला. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, पण हात काही वरून काढला नाही.

"हे कोणतं, तात्या?"

"तिसरं," तात्या म्हणाले. "जमा कर. आनि पोरी, आते मन्हा नाववर परत लई जाता येई का?"