आतला पॅड

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. थोरल्या भावानं शाळा सोडून औत धरलं, म्हणून मी कॉलेजात जाऊ शकलो. वाळूजला नोकरी लागल्यावर मी एक जुनी मोटार घेतली. बजाजनगरहून सुट्टीला ती देवगाव रंगारीला नेली, की दादा आधी तिचं बॉनेट उघडायचा. ट्रॅक्टर पुसावा तशी ती पुसायचा, कुठं काही करकरलं की ग्रीस भरायचा. त्याच्या हातात गाडी दिली की मी निश्चिंत असे.

त्या हिवाळ्यात ब्रेक दाबला, की पुढच्या डाव्या चाकातून बारीक किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला. पाय उचलला की बंद. दादानं चाकाच्या फटीतून बॅटरी मारून पाहिलं.

"ब्रेकचा पॅड लई जाड हाय अजून. धूळ बसली असंल," तो म्हणाला. मीही वाकून पाहिलं. पॅड खरोखरच जाड दिसत होता.

पुढच्या आठवड्यात बहिणीच्या बाळाला बघायला आम्ही चाळीसगावाकडं निघालो. मी गाडी चालवत होतो, दादा शेजारी, आणि माय मागं डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. कन्नडपर्यंत तोच बारीक आवाज होता. घाटाचा उतार लागला आणि पहिल्याच वळणावर ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासावं तसा आवाज आला. पायाखाली पेडल थरथरलं आणि गाडी उजवीकडं ओढली गेली. समोरून ट्रक चढत होता. मी स्टिअरिंग डावीकडं ओढून धरलं. ट्रकचा आरसा आमच्या काचेजवळून गेला.

"जात्यावानी काय घरघरतंय रे?" मायनं विचारलं.

"काय नाय माय, जुनी गाडी हाय," दादा म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, हळू आवाजात, "पहिल्यात टाक. ब्रेकवर कमी भार दे."

मी गिअर उतरवला. इंजिन ओरडू लागलं, पण गाडी आवरली. मागं वाहनांची रांग होती, कडेला थांबायला जागा नव्हती. प्रत्येक वळणाआधी थोडा ब्रेक दाबावाच लागे, आणि प्रत्येक वेळी ती घरघर आणि उजवीकडची ओढ. दादानं हँडब्रेकवर हात ठेवला होता. ओढला नाही, नुसता ठेवला होता. जळल्यासारखा वास येऊ लागला तेव्हा मायनं काच वर केली आणि डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. तिला कळलं होतं.

घाट संपल्यावर सपाटीवर एक गॅरेज होतं. मायला पलीकडं झाडाखाली बसवलं आणि मिस्त्रींनी चाक काढलं. फटीतून आम्हाला दिसला होता तो बाहेरचा पॅड तसाच जाड होता. आतल्या पॅडवर घासणारा मसाला उरलाच नव्हता. त्याचा उघडा पत्रा चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर, त्या लोखंडी तबकडीवर, घासत आला होता. डिस्कच्या आतल्या बाजूवर, बोट अडकेल अशा खोल चऱ्या पडल्या होत्या.

"दोन्ही पॅड धरणारा हा कॅलिपर या पिनांवर सरकला पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "तो जाम झाला, तर पिस्टन नुसता आतला पॅड दाबतो. बाहेरचा नीट लागतच नाही. म्हणून हे चाक कमी धरत होतं, आणि गाडी चांगल्या चाकाकडं ओढायची."

एक पिन त्यांनी पक्कड लावून, पिळून पिळून बाहेर काढली. तिच्यावरचं रबर फुगून मऊ झालं होतं, भोवती काळं ग्रीस.

"हे कोणी भरलं?"

"मी," दादा म्हणाला. "पंक्चर काढायला चाक खोललं तवा पिन कोरडी दिसली. ट्रॅक्टरचं भरलं."

"इथं ते चालत नाही दादा. त्यानं रबर फुगतं. ब्रेकचं ग्रीस वेगळं येतं." ते चाकाकडं वळले. "ही डिस्क घासून नीट होणार नाही. दोन्ही बाजूंच्या डिस्क, पॅड आणि या पिना नव्या टाकाव्या लागतील. सामान उद्या मिळेल. तोवर गाडी इथून हलवू नका."

दादा बॉनेटला टेकून उभा राहिला. मी म्हणालो, "पॅड मी पण पाहिला होता की." तो त्या पिनेकडंच बघत राहिला.

पुढं आम्ही एसटीनं गेलो. मायला खिडकीजवळ बसवलं. बस मोकळ्या, सपाट रस्त्यानं चालली होती, तरी प्रत्येक थांब्याला ड्रायव्हर ब्रेक लावी, तेव्हा दादा समोरची दांडी घट्ट धरी. तो माझ्याकडं झुकून हळूच म्हणाला, "मायला सांगू का, माझ्यामुळं झालं म्हणून?"

"मला ऐकू येतंय," माय म्हणाली. तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि एक लाडू त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो खाल्ला नाही. चाळीसगाव येईपर्यंत एका हातात लाडू आणि दुसऱ्या हातात दांडी, असाच तो बसून राहिला.