महेश वानखडेच्या सात खोल्या

कारंजा लाडच्या एसटी स्टँडकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर दोन लॉज समोरासमोर आहेत. एक राजूभाऊ गावंडेंचं, तीन मजली, दारात कुंड्या. दुसरं साधना तायडेचं, सात खोल्यांचं, कुंड्या नसलेलं. साधना आधी नऊ वर्षं राजूभाऊंच्याच काउंटरवर बसत होती. बुकिंगच्या वेबसाइटवर लॉज कसं टाकायचं, फोटो कोणते लावायचे, हे सगळं राजूभाऊंना शिकवलं तिनंच. तिचे वडील पुंजाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, हातात आलेला सगळा पैसा त्यांनी समोरच्या इमारतीत घातला आणि लेकीच्या हातात किल्ल्या दिल्या. राजूभाऊ तेव्हा भर रस्त्यात हसून म्हणाले होते, "पाहू किती दिवस टिकते बाई!"

साधना हे वाक्य विसरली नाही. ती काहीच विसरत नाही, हा तिचा गुण म्हणा की खोड.

पहिल्याच वर्षी दत्तजयंती आली. त्या तीन दिवसांत गुरुमंदिराला एवढी माणसं येतात, की गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. साधनाने वेबसाइटवर 'पैसे लॉजवर द्या' हा पर्याय ठेवला होता. पाहुण्याने आधी एक रुपया भरायचा नाही, आल्यावर काउंटरवर द्यायचे. नवीन लॉजवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून. महिनाभर आधी महेश वानखडे, नागपूर, या नावाने पाच खोल्या तीन दिवसांसाठी गेल्या. उरलेल्या दोनही भरल्या. साधना खूश. दारात येणाऱ्या माणसांना ती हात जोडून सांगत राहिली, "खोल्या भरल्या, माफ करा." एका म्हातारीला तर तिने स्वतः रिक्षात बसवून दिलं.

दुपार गेली, संध्याकाळ झाली, महेश वानखडे काही आला नाही. साधनाने बुकिंगवरचा नंबर लावला. रस्ता अरुंद, दोन्ही दारं उघडी. घंटी वाजली ती समोर, राजूभाऊंच्या काउंटरवर. त्यांनी ड्रॉवरमधून एक जुना फोन काढला, स्क्रीन पाहिली, मान वर करून रस्त्यापलीकडे पाहिलं आणि फोन कापला. साधनाने पुन्हा लावला. त्यांनी पुन्हा कापला. त्यांचं लॉज तेव्हा गच्च भरलेलं होतं, तिने परत पाठवलेल्या माणसांनी.

पाच खोल्या तीन दिवस रिकाम्या राहिल्या. त्यात भर म्हणजे 'पाहुणा आला नाही' अशी नोंद वेबसाइटवर ठरलेल्या मुदतीत करावी लागते. रागाच्या भरात ती राहून गेली आणि न आलेल्या पाहुण्याचं वेबसाइटचं कमिशन साधनाच्या बिलात लागलं. पुंजाजी त्या रात्री जेवण अर्धं टाकून उठले. साधनाला ते अर्धं ताट डोळ्यांसमोरून हलेना. राजूभाऊंना मातीत लोळवल्याशिवाय आपल्याला झोप लागणार नाही, हे तिला तेव्हाच कळलं.

ती रोज सकाळी कुलूप उघडलं, की आधी तो नंबर लावायची. आठव्या दिवशी तो बंद लागला. राजूभाऊंनी कंटाळून फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला होता.

मग तिने वेबसाइटवरचा नियम बदलला. बुकिंग करताना तीस टक्के आगाऊ भरायचे, बाकीची रक्कम येण्याच्या सात दिवस आधी ऑनलाइन. मुदतीत बाकी आली नाही तर बुकिंग आपोआप रद्द, आगाऊ रक्कम परत नाही. पैसे भरण्यापूर्वी हे सगळं स्क्रीनवर ठळक दिसायचं. बाकी भरायची आठवण मात्र जायची ती बुकिंगवरच्या ईमेलला आणि बुकिंगवरच्या नंबरला.

एप्रिलमध्ये राजूभाऊंची मुलगी पल्लवी हिचं लग्न निघालं. मुलाकडचे अमरावतीचे, मोठे लोक. राजूभाऊंच्या खोल्यांत त्यांचे स्वतःचेच नातेवाईक मावेनात. साधनाच्या सातही खोल्यांना एसी होता, पण तिच्या दारात येऊन मागायची त्यांची जीभ रेटेना. मार्चमध्ये एका दुपारी साधनाच्या मोबाइलवर बुकिंग आलं. सात खोल्या, दोन दिवस, लग्नाचीच तारीख. नाव महेश वानखडे. नंबर तोच.

तिने ते तीनदा वाचलं आणि मोठ्याने हसली. राजूभाऊंनी जुन्याच खात्यातून बुकिंग केलं होतं; त्यातला ईमेल आणि नंबर दोन्ही त्या बंद फोनवरचे. ओटीपी बँकेत दिलेल्या त्यांच्या रोजच्या नंबरवर आला, तीस टक्के भरले गेले. बाकीचे नेहमीप्रमाणे लॉजवर, असं त्यांनी गृहीत धरलं. खालची अट वाचलीच नाही. महेश वानखडेला आजवर कधी पैसे भरावेच लागले नव्हते, तर अट वाचायची सवय कुठून असणार!

लग्नाला दहा दिवस उरले. स्क्रीनवर 'बाकी येणे' तसंच. पुंजाजी अस्वस्थ झाले.

"साधना, जाऊन सांगून ये त्याले. पोरीचं लग्न हाय."

"मी कायले सांगू बाबा? वेबसाइट सांगून राह्यली ना त्याच्या फोनवर."

"तो फोन बंद हाय, तुले मालूम हाय."

"मले मालूम हाय. म्हणूनच नाई सांगत."

त्या दिवसांत राजूभाऊ रोज समोर मांडववाल्यावर ओरडताना दिसायचे. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. साधनाने हाक मारली नाही. सातव्या दिवसाची मुदत टळली, बुकिंग रद्द झालं, खोल्या पुन्हा खुल्या झाल्या. मंदिरांच्या दर्शनाला येणाऱ्या एका यात्रा बसच्या मॅनेजरने त्याच दुपारी सातही घेतल्या आणि पूर्ण पैसे भरून टाकले.

लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाकडच्यांच्या तीन गाड्या साधनाच्या दारात थांबल्या. बायका बॅगा घेऊन पायऱ्यांवर, मुलाचे मामा पुढे, आणि घामाघूम राजूभाऊ त्यांच्या शेजारी.

"साधना, खोल्या दाखव पाव्हण्यायले."

"बुकिंग कोनाच्या नावावर हाय?" तिने शांतपणे विचारलं.

"अवं, आमचंच हाय."

"गावंडे नावानं काईच नाई, राजूभाऊ."

राजूभाऊंनी मामांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "महेश वानखडे," ते हळूच म्हणाले.

"जोरात सांगा. मागं बाबा बसले हायेत, त्यायले आयकू नाई आलं."

"महेश वानखडे!"

मामांनी भुवया वर केल्या. "हे महेश वानखडे कोण?"

साधनाने रजिस्टर मिटलं, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि वाट पाहिली. दत्तजयंतीच्या संध्याकाळी पाहिली होती तशी, दाराकडे बघत.

"मीच," राजूभाऊ म्हणाले.

साधनाला एवढंच ऐकायचं होतं. तिने मोबाइल मामांसमोर धरला. डिसेंबरच्या पाच खोल्या, न आलेला पाहुणा, एप्रिलच्या सात खोल्या, न भरलेली बाकी, रद्द. मामांनी सगळं सावकाश वाचलं, मोबाइल परत दिला आणि बायकांना गाडीत बसायला सांगितलं. पाहुण्यांची सोय शेवटी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये झाली, गाद्या टाकून, कूलर लावून. लग्न लागलं, पण पंगतीत अमरावतीची माणसं नवरीच्या बापाला महेशराव म्हणत होती.

"झालं समाधान?" संध्याकाळी पुंजाजींनी विचारलं.

"झालं," साधना म्हणाली आणि खोटं बोलली नाही. त्या पोरीचा, पल्लवीचा, चेहरा मनात आला होता, तो तिने बाजूला सारला.

मग तिने वडिलांचं ताट वाढलं, पुंजाजी जेवून उठेपर्यंत समोर बसली आणि मोबाइल घेऊन महेश वानखडेसाठी केलेला नियम वेबसाइटवरून काढून पहिलाच परत लावला. पैसे लॉजवर द्या.