रेणुकादास सरांनी खोडलेले दोन अवग्रह

लातूरच्या औसा रोडवर पुनमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे बॅनर, सात-बाराच्या झेरॉक्स असलं सगळं तिथं होतं. त्या गर्दीत एक म्हातारा रोज स्टूल ओढून पुनमच्या शेजारी बसायचा आणि म्हणायचा, "स्पेस मारू नको. घर कर."

हे रेणुकादास सर. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, खिशात लाल आणि काळं अशी दोन पेनं बाळगणारे.

"सर, स्पेस मारल्यानं काय बिघडायलंय? पडद्यावर तर सरळ दिसायलंय."

"पडद्यावर दिसतं. कागदावर सरकतं. वरचा गंधार खालच्या 'दि'वर बसला पाहिजे. तो 'वे'वर बसला की गाणं मेलं."

"लई लवकर मरतंय हो तुमचं गाणं," पुनम म्हणायची आणि सोळा घरांचा तक्ता काढायची. चार-चार घरांनंतर एक जाड उभी रेघ. वरच्या ओळीत स्वर, खालच्या ओळीत शब्द. एका मात्रेला एक घर, मग तिथं कुणी राहो न राहो. स्वर लांबला तर वरच्या घरात आडवी रेघ. अक्षर लांबलं तर खालच्या घरात अवग्रह, म्हणजे तो ऽ.

"हा एस किती वेळा येतोय बघा."

"एस नाही तो, पुनम. अवग्रह. मागचं अक्षर अजून संपलं नाही, एवढंच तो सांगतो."

"मग एकदाच सांगावं की. दर घराला कशाला?"

सरांनी पुढच्या घरावर बोट ठेवलं. त्यांच्या दृष्टीनं जगातली निम्मी गोष्ट त्या एसमध्येच होती.

हे सगळं चाललं होतं सौदामिनीबाईंसाठी. त्या नांदेडला गाण्याचा क्लास चालवायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सर्वेश पुण्यात, तो म्हणत होता, "आई, आता बस झालं, इकडं ये." दिवाळीनंतर जायचं ठरलं. जाण्याआधी दोघांचे गुरू सिद्धेश्वरबुवा यांच्या चिजा, म्हणजे बंदिशी, क्लासच्या मुलींच्या हातात लिहून द्यायच्या होत्या, कारण बुवांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती. लिहिणार कोण, तर रेणुकादास. सगळ्या शिष्यांत कान बरा आणि अक्षर त्याहून बरं.

बुवांकडं दोघं शिकले ते लातूरलाच, पण एकत्र कधीच नाही. मुलींची शिकवणी सकाळी, मुलांची संध्याकाळी. रेणुकादासांनी तिला पाहिलं ते फक्त गुरुपौर्णिमेला, आणि ऐकलं ते सकाळच्या गाडीनं येऊन बुवांचं दूध आणून द्यायच्या निमित्तानं. डेअरी कोपऱ्यावर होती. ते दूध आणायला एवढा वेळ का लागतो, हे बुवांनी विचारलं नाही. पुढं ती लग्न होऊन नांदेडला गेली. ते तसेच राहिले. बोलणं तेव्हाही अहो-जाहो, आताही अहो-जाहो.

त्यातली एक चीज भूपातली, सोळा मात्रांच्या तीनतालातली. बुवांनीच बांधलेली. 'दिवेलागणी झाली, परत ये ना.' ही चीज म्हणजे रेणुकादासांची रोजची संध्याकाळ होती. दिवा लागला की पेटी उघडायची, तानपुऱ्याचं अ‍ॅप लावायचं आणि नवव्या मात्रेवरून, म्हणजे तालाच्या 'खाली'वरून, चिजेचा मुखडा उचलायचा. आणि मनात एक गोष्ट पक्की धरून ठेवलेली: नांदेडलाही आत्ता दिवा लागला असेल. तीही म्हणत असेल. तिचं 'ली' आणि आपलं 'ली' एकाच समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडत असेल. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतंच काय? पण चाळीस वर्षं ते ह्याच समेवर जगले.

बाईंनी ती चीज व्हॉइस नोटवर पाठवली. मागं नुसता तानपुरा, ठेका नाही. आवाज थोडा थकलेला, पण गंधार तोच. सरांनी तो चारदा नुसता ऐकला. लिहायचं पाचव्यांदा आठवलं.

मग त्यांनी लांब कागद घेतला, पेन्सिलीनं घरं आखली, लाल पेननं उभ्या रेघा मारल्या, वर खुणा केल्या. समेला फुली, मग दोन, खालीला शून्य, मग तीन. डाव्या हाताच्या पेरांवर मात्रा मोजत, उजव्या हातानं लिहीत गेले. नवव्या घरात 'दि', दहाव्यात 'वे'. आणि समेला पोचेपर्यंत घोटाळा झाला. 'ली' समेवर यायला तयार नाही. दोन मात्रा जास्त होत होत्या.

पुन्हा मोजलं. तेच. 'ला' रेंगाळत होतं, 'ग' रेंगाळत होतं.

"वय झालं," ते स्वतःशीच हळवे होऊन म्हणाले. "लय सुटतेय बिचारीची." आणि फार मायेनं त्यांनी ते दोन अवग्रह खोडले. 'ला'च्या नंतर एक मंद्र, खालच्या सप्तकातला धैवत ऐकू येत होता, तो श्वास घेताना चुकून लागला असणार, म्हणून तोही गेला. सगळं सोळा घरांत चपखल बसलं. पुनमनं टाइप केलं, फोटो नांदेडला गेला.

बाईंचा फोन आला.

"पान सुरेख झालंय हो. रेघा तर अशा की फूटपट्टीला लाज वाटावी."

"पुनमची करामत."

"पण हे माझं नाही."

सर पेटीवरचं फडकं सारखं करू लागले. "म्हणजे?"

"माझा धैवत कुठं गेला?"

"तो... मला वाटलं, श्वास असेल."

"श्वास खर्जाच्या धैवतावर घेतात होय लातूरला?"

"नाही, पण समेवर दोन मात्रा वाढत होत्या. म्हणून मी जरा..."

"कुठून मोजलंत?"

"नवव्यापासून. खालीवरून."

पलीकडं मात्रा मोजल्याचं पुटपुटणं ऐकू आलं. मग बाई हसल्या. कुचकट नाही, पण हसल्या. "मी सातव्यापासून उचलते. बुवांनी सकाळच्या आम्हा मुलींना सातव्यापासूनच सांगितलंय."

"आम्हाला नवव्यापासून सांगितलं."

"तुम्हाला सांगायला वेळ होता कुठं? तुमची शिरूर अनंतपाळची शेवटची गाडी असायची. बुवाच सांगायचे आम्हाला, त्या रेणूच्या यष्टीपायी माझा ताल धावतोय म्हणून. यष्टीनं खाल्ल्या तुमच्या दोन मात्रा."

बुवांचा आवाज तिनं असा काढला, तपकीर ओढून नाकात बोलल्यासारखा, की सरांना क्षणभर समोर बुवाच दिसले. हसू आलं. आणि हसता हसता त्यांनी पेरांवर मोजून पाहिलं.

म्हणजे चाळीस वर्षं ती तिथं आधी उचलत होती. ते इथं गप्प बसलेले असताना तिचं 'दिवे' होऊन गेलेलं असायचं. ते 'दि' म्हणत तेव्हा ती पुढं 'ला'वर पोचलेली. उचलताना शब्दाला शब्द कधी लागलाच नाही.

"असू द्या," बाई म्हणाल्या. "तुमचंच ठेवा. पोरींना खालीवरून उचलणं सोपं पडतं. सातव्यावर निम्म्या पडतात. माझ्यानंतर कुणाला एवढं कळणार आहे?"

ती हे सहज म्हणाली. पण सरांना ते ऐकवेना. कागदावर आपलंच राहणार. नांदेडच्या मुली आपला मुखडा म्हणणार. आजवर हेच तर हवं होतं, की तिथं नि इथं एकच वाजावं. फक्त पान आहे तसं सोडून द्यायचं. आणि मग तो धैवत कुठंच उरणार नाही.

"बघतो," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी दिवा लावला, पण चीज म्हटली नाही. नवा कागद घेतला. या वेळी उलटं केलं. आधी समेच्या घरात 'ली' ठेवली आणि तिथून एकेक घर मागं येत गेले. झा, ऽ. णी, ऽ. ग, ऽ. ला, ऽ. आणि मग 'वे' आणि 'दि' खालीच्या रेघेअलीकडं जाऊन बसले, निवांत, जणू तिथंच राहात होते.

ग रे | सा ध़ रे - | ग - प - | ग
दि वे | ला ऽ ग ऽ | णी ऽ झा ऽ | ली

'ला'च्या पुढच्या घरात खाली अवग्रह आणि वर धैवत. अक्षर तेच, सूर मात्र खोल गेलेला. त्यांनी टाळी देत म्हणून पाहिलं. दिवा लागल्यावर माणूस दाराशी जाऊन वाट बघतो, तेवढा वेळ होता तो. त्यांच्या स्वतःच्या मुखड्यात तेवढा वेळच नव्हता.

सकाळी पुनमनं तक्ता पाहिला. "सर, दोन एस वाढले."

"हाव. वाढले."

"कालचं चूक होतं का मग?"

"चूक नव्हतं. माझं होतं."

"आता कुणाचं हाय?"

"त्यांचं."

पुनमनं त्यांच्याकडं एकदा बघितलं, मग कीबोर्डकडं. "धच्या खाली टिंब हाय ना? नीट सांगा, न्हाई तर परत म्हणाल गाणं मेलं." तिनं घरं मागं सरकवली, जाड रेघ जागच्या जागी ठेवली. त्या दिवशी तिनं एकदाही स्पेस मारली नाही.

फोटो गेला. बाईंनी लगेच फोन केला नाही. केला तेव्हा आवाज बारीक झालेला.

"तुमचं का काढलंत?"

"ज्यांनी म्हटलंय त्यांचं लिहायचं असतं. बुवांनी सातवी मात्रा तुम्हाला दिली, ती मी कशी काढून घेऊ?"

"फार बोलायला लागलात." मग त्या म्हणाल्या, "एकदा बरोबर म्हणून बघू. पान बरोबर उतरलंय का ते कळेल. मग छापायला द्या."

दोघांनी फोन स्पीकरवर ठेवला. बाईंनी तळहातावर ठेका धरला, सर त्याला लागून मोजू लागले. पाच, सहा, आणि उचललं. पण नांदेडहून लातूरला आवाज यायला मधे जो वेळ जातो, तो काही कुणी तालात बसवलेला नाही. तिचं 'ली' इथं उशिरा आलं, यांचं तिथं त्याहून उशिरा. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा दोघं मधेच थांबले.

"तुम्ही आयुष्यभर उशिराच आलात," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच आधी उचलता."

दोन्हीकडं तानपुरा नुसता वाजत राहिला. मग ती म्हणाली, "असं नाही व्हायचं. पान समोर आहे ना?"

"आहे."

"मग फोन ठेवा. ठेवल्यावर समेपासून मोजायला लागा. मीही मोजते. सातव्याला उचलायचं."

"आणि सम पडली की नाही, कळणार कसं?"

"नाही कळणार," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सरांनी पान सरळ केलं. फुलीवर बोट ठेवलं आणि एकेक घर पुढं नेऊ लागले. एक, दोन, तीन, चार, रेघ. पाच, सहा. चाळीस वर्षांची सवय त्यांना अजून दोन घरं थांब म्हणत होती. बोट सातव्या घरावर आलं आणि त्यांनी 'दि' म्हटलं. धैवत जरा कच्चा लागला. समेवर 'ली' आली तेव्हा खोलीत दुसरा आवाज नव्हता. ते तिथंच थांबले नाहीत, पुढची ओळ घेतली.