ते औषध नव्हे

माझ्या थोरल्या बहिणीला अख्खी गल्ली कागदबाई म्हणायची. चौतीस वर्षं ती औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली. गोळ्यांच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद असतो ना, मुंगीच्या अक्षरातला, तो उलगडून दाखवल्याशिवाय तिने कुणाला सोडलं नाही. लोक वैतागायचे. "बाई, डोकं दुखतंय, गोळी द्या, वाचनालय नको," असं म्हणायचे. पण दुसरं दुकान चार पावलांवर असून यायचे हिच्याकडेच.

मी धाकटी. शिवणकाम करते, जिभेला हाड नाही. दोघी एकाच घरात राहायचो. आक्काचं लग्न झालं नाही, माझं झालं आणि लवकर संपलं. त्याबद्दल दोघींनीही फार रडगाणं गायलं नाही. आमच्या घरात बोलणं व्हायचं ते फक्त सकाळी. सहा वाजता आक्का बुटक्या स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसायची आणि मी तिची वेणी घालायचे. कमरेखाली जाणारी, मनगटाएवढी जाड वेणी! आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, ती चौदाची. तेव्हापासूनचा हा रिवाज. समोरासमोर आक्का ताकास तूर लागू द्यायची नाही, पण पाठ केली की सगळं बोलायची. कोण चिडलं, कोण रडलं, मालकांनी काय केलं, तिला रात्री काय स्वप्न पडलं. तीन पेड संपेपर्यंत.

दुकानात एका बाजूला औषधांची कपाटं होती आणि दाराजवळ काचेचं एक झगझगीत कपाट. त्यात शक्तीच्या पावडरी, सांध्यांच्या कॅप्सूल, केसांच्या, नखांच्या, आठवणीच्या. आक्का त्याला आशेचं कपाट म्हणायची. कुणी तिकडे हात दाखवला की हिची गाडी सुटलीच.

"औषध बाजारात येण्याआधी कंपनीला सरकारपुढे सिद्ध करावं लागतं, की हे गुण देतं आणि फार अपाय करत नाही. वर्षानुवर्षं माणसांवर चाचण्या. कागदावरचा शब्दन् शब्द तपासून घ्यावा लागतो. आणि ही डबी? ही कायद्याने खाण्याच्या वस्तूंत मोडते. विकण्याआधी गुण सिद्ध करून दाखवायची सक्ती नाही. निर्धोक आहे की नाही ते कंपनीनेच बघायचं. म्हणूनच रोग बरा होतो असं छापता येत नाही. 'केसांच्या आरोग्याला मदत' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं."

"पण 'मान्यताप्राप्त' लिहिलंय की!" गिऱ्हाईक म्हणायचं.

"कारखाना मान्यताप्राप्त, बाई! म्हणजे तिथे झाडलोट नीट आहे, नोंदणी झालेली आहे. आतल्या कॅप्सूलने केस येतात असं कुणी म्हटलेलं नाही."

"आणि 'क्लिनिकली प्रूव्हन'?"

"मग विचारा त्यांना. किती माणसांवर? किती दिवस? कशाच्या तुलनेत? ह्याच डबीवर, की आतल्या एखाद्याच घटकावर, तोही वेगळ्या मात्रेत? पैसे कोणी दिले?" आणि शेवटी ठरलेलं वाक्य, टेबलावर बोट आपटून: "लक्षात ठेवा, ते औषध नव्हे."

मालक बिचारे कपाळाला हात लावायचे. त्यांची निम्मी कमाई त्या काचेच्या कपाटात होती.

पन्नाशी उलटल्यावर आक्काला थायरॉइड कमी पडण्याचा त्रास निघाला. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली, आणि तब्येत ताळ्यावर आली. पण केस गेले ते गेलेच. वेणी शेपटीसारखी झाली, मग दोरीसारखी. एके दिवशी तिने मला न सांगता न्हाव्याकडे जाऊन मानेपर्यंत कापून टाकले. "बरं झालं, सुटलीस तू," असं मला म्हणाली. मीही हसून "हो ना बाई," म्हटलं. दुसऱ्या दिवशी सहाला जाग आली तेव्हा ती बाहेर चहा पीत उभी होती, आणि स्टूल भिंतीशी तसंच होतं. वाटलं, जाऊन तिला ओढून आणावं. नाही आणलं. केस नसलेल्या बाईला वेणीसाठी काय म्हणून बोलवायचं?

त्यानंतर आमच्या घरात दोन वर्षं "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच उरलं.

मग एका तपासणीत आक्काचा रिपोर्ट विचित्र आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थायरॉइडची गोळी तुम्हाला जास्त होतेय. दुसरी कुठली औषधं चालू आहेत?"

मी शेजारीच बसले होते. आक्का ठामपणे म्हणाली, "एकही नाही. ही एकच गोळी."

गोळीची मात्रा कमी केली. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त, पुन्हा तेच. आणखी कमी केली. आणि आमची आक्का विझायला लागली. भर दुपारी शाल पांघरून बसायची. आवाज घोगरा, चेहरा सुजलेला, एक वाक्य बोलायला दोन श्वास. उशीवर केसांचा पुंजका. मी म्हटलं, वय झालं. वयाला काहीही चिकटवता येतं, सोपं असतं.

एका संध्याकाळी मालक स्वतः घरी आले. म्हातारा माणूस, जिना चढून धापा टाकत होता. "आज बाईंनी एकाला दुप्पट ताकदीची गोळी दिली. मी बघितलं म्हणून दारातून परत बोलावला. मला सांगवत नाही, पण... महिनाअखेरपासून त्यांनी घरीच बसावं."

आक्का ऐकत होती. तो काउंटर म्हणजे तिचं सगळं आयुष्य होतं, हे मला माहीत, मालकांना माहीत. कागदबाई आणि चुकीची गोळी! त्या रात्री ती जेवली नाही, आणि मी भांडी घासताना ढसाढसा रडले. मला माझी बडबडी आक्का परत हवी होती. टेबलावर बोट आपटणारी.

सकाळी तिच्या पेटीत उबदार मोजे शोधत होते, तर मोज्यांच्या आत गुंडाळलेली डबी हाताला लागली. चकचकीत. वर लांब केसांच्या बाईचं चित्र. 'मान्यताप्राप्त.' 'क्लिनिकली प्रूव्हन.' आशेच्या कपाटातली! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पहिल्यांदा मला हसूच फुटलं. मग तिने आयुष्यभर लोकांना शिकवलं तसं मी डबी फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. बायोटिन नावाचं जीवनसत्त्व, एका कॅप्सूलमध्ये पाच मिलिग्रॅम, आणि खाली त्यांनीच छापलेलं, रोजच्या गरजेच्या शंभराहून जास्त पट.

मी डबी पदराआड घेतली आणि तडक दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी डबी पाहिली मात्र, खुर्चीत मागे टेकल्या.

"किती घेतात?"

"माहीत नाही. ती औषधं घेत नाही, फक्त—"

"अहो, बायोटिन एवढं रक्तात असलं की काही लॅबच्या थायरॉइड तपासण्या चक्क खोट्या येतात. गोळी जास्त झाल्यासारखं दिसतं. मी जास्त झालेली कमी केली नाही, पुरेशी होती तीच कमी केली." त्यांनी डबी उघडून आत बघितलं. "हेच द्रव्य औषध म्हणून विकलं असतं, तर आतल्या कागदावर रक्ततपासणीबद्दल इशारा असता. याच्या डबीत कागदच नाही. आणि थायरॉइड कमी पडलं की केस जास्तच गळतात."

मी घरी आले आणि डबी आक्काच्या मांडीवर ठेवली. रागाने ठेवली, खोटं कशाला बोलू.

"डॉक्टरांनी विचारलं होतं ना तुला! माझ्यासमोर!"

आक्काने डबीकडे बघितलं. मग अगदी हळू, प्रत्येक शब्द ओढत म्हणाली, "त्यांनी औषधं विचारली. ते औषध नव्हे."

थट्टा करत नव्हती ती. वर्षानुवर्षं इतकं म्हटलेलं की तिच्या डोक्यात ती डबी त्या प्रश्नात बसलीच नाही.

"रोज किती?"

"दोन. केस जास्त जायला लागले, मग चार."

"अगं, तुला माहीत होतं ना काय छापतात ते?"

"सगळं माहीत होतं. कंपनीला पत्र लिहून अभ्यासही मागवला होता. अडतीस बायका, तीन महिने, पैसे कंपनीचे. त्या बायकांना दिलेल्या कॅप्सूलमध्ये दुसरेही चार घटक होते, बायोटिन याच्या निम्म्याहून कमी." तिने डोळे मिटले. "तरी घेतलं. वाटलं, तेवढी वेणी झाली तर तू परत सकाळी बसशील माझ्यामागे."

मी तिच्या मांडीवरची डबी उचलून घेतली.

कॅप्सूल बंद केल्या, आठवड्याने पुन्हा रक्त दिलं. खरा रिपोर्ट आला: थायरॉइड पार तळाला. गोळी पूर्वीइतकी केली. आक्का एकदम नाही आली परत. आधी शाल गेली, मग सूज, मग एके दिवशी दूधवाल्याशी कचाकचा भांडली आणि मी आत आनंदाने टाळी वाजवली. मालकांकडे मीच गेले, रिपोर्ट घेऊन. त्यांनी महिनाभर थांबून, शेजारी उभं राहून तिचं काम पाहिलं आणि तिची जागा तिला परत दिली. पहिल्याच दिवशी आक्काने काउंटरवर हाताने लिहिलेला कागद चिकटवला: "डॉक्टरांना सांगताना औषध आहे की नाही बघू नका. तोंडात जातं ते सगळं सांगा. मी सांगितलं नव्हतं." खाली स्वतःची सही. मालक म्हणाले, शेवटची ओळ तरी काढा. तिने काढली नाही.

केस खांद्यापर्यंत आले, पातळसे, पुढे नाही. पण एका सकाळी सहा वाजता ती स्टूल ओढून माझ्याकडे पाठ करून बसली.

"काय घालू? बोटभर होईल."

"बोटभर घाल. हळू घाल."

अकरा वर्षं रोज मी ती बोटभर वेणी घातली, आणि पूर्वी कमरेपर्यंतच्या वेणीला लागायचा त्यापेक्षा जास्त वेळ लावला.

आता आक्का जाऊन दोन वर्षं होतील. तिचा कागद अजून काउंटरवर आहे, पिवळा पडलेला. मी माझ्या रक्तदाबाची गोळी तिथूनच आणते, आणि काचेच्या कपाटासमोर उगाच उभी राहते. मला आता सगळं कळतं, कुठला शब्द काय सांगतो आणि काय लपवतो. पण त्यातल्या एखाद्या डबीवर जर छापलं असतं, की याने सकाळी सहाला स्टुलावर कुणीतरी पाठ करून येऊन बसतं, तर किती माणसांवर, किती दिवस, पैसे कोणाचे, यातलं एक अक्षर न विचारता मी ती घेतली असती.